चढावरचा पेस सपाट रस्त्याशी ताडून पाहताना: ग्रेड अ‍ॅडजस्टेड पेस मोजण्याची पायरीवार रीत

डोंगरवाटेवर धावून आल्यावर घड्याळात `GAP` या नावाने एक आकडा दिसतो. तो सांगतो की चढावर तुम्ही जेवढे कष्ट घेतले, तेवढ्याच कष्टात सपाट जागी तुमचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, किती राहिला असता. छत्रपती संभाजीनगर, बीड आणि धाराशिव परिसरातील अनेक धावपटू हा आकडा थेट आपल्या रस्त्यावरच्या पेसच्या शेजारी मांडतात, तो कमी दिसला की तयारी वाढल्याचे समजतात आणि जास्त दिसला की निराश होतात. बहुतेक वेळा या दोन्ही निष्कर्षांना आधार नसतो, कारण चढाची उंची चुकीची मोजलेली असते, तुलनेची सपाट धाव वेगळ्या कालावधीची असते, किंवा चढावर धावणे थांबून चालणे सुरू झालेले असते. हा लेख १० ते २२ टक्के चढापुरता आहे. एक ठरलेली वाट घेऊन त्या वाटेसाठी स्वतःचा गुणक कसा काढावा, हे येथे क्रमाने दिले आहे.

## सुरुवातीला लागणारी समज आणि साहित्य

चढाची टक्केवारी म्हणजे १०० मीटर अंतरात किती मीटर उंची गाठली. १०० मीटरमध्ये १८ मीटर चढलात तर चढ १८ टक्के. टक्के आणि अंश यांची गल्लत होऊ देऊ नका. १८ टक्के म्हणजे साधारण १० अंश, तर १८ अंश म्हणजे ३२ टक्क्यांहून अधिक, आणि तशा कड्यावर कोणीही फार वेळ धावू शकत नाही.

गुणक म्हणजे एक मीटर चढ धावायला लागणारी ऊर्जा सपाटीवरच्या एका मीटरच्या किती पट आहे, तो आकडा. इटलीतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ मिनेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरात धावणाऱ्या निष्णात धावपटूंना ट्रेडमिलवर धाववून, त्यांचा प्राणवायूचा वापर मोजून हे प्रमाण काढले. खालचे गुणक त्यांच्या समीकरणातून येतात.

| चढ | गुणक |
|---|---|
| ५ टक्के | १.३० |
| १० टक्के | १.६६ |
| १५ टक्के | २.०६ |
| १८ टक्के | २.३२ |
| २० टक्के | २.५० |

चढावरच्या पेसला गुणकाने भागले की समतुल्य सपाट पेस मिळतो. मात्र ट्रेडमिलच्या गुळगुळीत पट्ट्यावर सुटा मुरूम नसतो, बाभळीची फांदी चुकवावी लागत नाही आणि पाय ठेवण्याआधी दगड पाहावा लागत नाही. म्हणून हे गुणक म्हणजे आदर्श वाटेवरचा खर्च आहे. आपल्या वाटेवरचा खर्च प्रत्यक्ष मोजूनच कळतो.

साहित्य थोडेच लागते: हवेच्या दाबावरून उंची सांगणारे घड्याळ, शक्य असल्यास छातीवर बांधायचा हृदयगती पट्टा, वाटेवर खूण करायला खडू आणि मोबाइलवरची स्प्रेडशीट. मनगटावरचा हृदयगतीचा आकडा चढाच्या हिसक्यांत पुष्कळदा पावलांच्या ठेक्याला हृदयाचे ठोके समजतो, त्यामुळे छातीचा पट्टा अधिक भरवशाचा.

## टप्पा १: चाचणीचा चढ निवडणे

अजिंठ्याच्या आणि बालाघाटाच्या रांगा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेल्या आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या टेकड्या बहुधा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. पायथ्याचा मंद उतार संपतो तोच एक उभा कडा येतो, त्यावर माळासारखी पट्टी लागते आणि पुन्हा कडा. ही रचना चाचणीला अडचणीची आहे. समजा ८०० मीटरच्या वाटेत निम्मा भाग ६ टक्क्यांचा आणि निम्मा ३० टक्क्यांचा आहे. सरासरी चढ १८ टक्केच भरेल आणि सरासरीचा गुणक २.३२ येईल. दोन्ही भाग वेगळे मोजून काढलेला गुणक २.४३ येतो. आकड्यांतला हा फरक पाच टक्क्यांच्या आसपासच आहे आणि तो सांभाळून घेता येईल. खरी अडचण पायांची आहे, कारण ३० टक्क्यांच्या भागात तुम्ही चालणारच आणि धावण्याचा गुणक चालण्याला लावला जाणार.

म्हणून सलग आणि शक्य तितका एकसारखा चढ शोधा. तिरकी कापत वर जाणारी बैलगाडीची जुनी वाट किंवा नागमोडी पायवाट थेट कड्यावर जाणाऱ्या वाटेपेक्षा या कामाला चांगली. चढायला १० ते १५ मिनिटे लागावीत. त्याहून लहान चढावर हृदयगती स्थिर होण्याआधीच माथा येतो. मध्ये कुठेही उतार नसावा, कारण उतरताना वाचलेली ऊर्जा आणि चढताना खर्चलेली ऊर्जा सरासरीत एकमेकींना झाकून टाकतात आणि आकडा अर्थहीन होतो.

इशारा: देवगिरी किल्ल्याच्या किंवा माहूरच्या डोंगरावरच्या पायऱ्या या मोजमापाला वापरू नका. पायरीची उंची ठरलेली असते, पाऊल तिच्याप्रमाणे पडते आणि चढावर धावण्याचे समीकरण तेथे लागू होत नाही.

पडताळणी: निवडलेली वाट एकदा सावकाश चालून पाहा. धाव सोडून हात टेकावे लागतील अशी एक जागा जरी लागली, तरी दुसरी वाट निवडा.

## टप्पा २: अंतर आणि उंची मोजणे

बहुतेक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून येथे घाई करू नका. दोन्ही टोके न हलणाऱ्या वस्तूंवर ठरवा. माझ्या वाटेचे खालचे टोक म्हणजे कडुनिंबाशेजारचा सपाट काळा दगड आहे आणि वरचे टोक वाट माथ्याच्या माळावर निघते तेथे डावीकडे उभा असलेला हद्दीचा दगड. दोन्हींवर मी खडूने फुली केली होती. पहिल्याच पावसात ती धुऊन गेली, पण दगड जागेवर असल्यामुळे अडले नाही.

अंतरासाठी वाट तीनदा चालून घड्याळातल्या तीन नोंदींची सरासरी घ्या. नागमोडी वळणांवर जीपीएस वळणे कापून सरळ रेघ मारते, म्हणून अंतर कमी भरण्याकडे कल असतो. माझी वाट अशा तऱ्हेने ८०० मीटर भरली.

उंचीसाठी पायथ्यापासून माथ्यापर्यंत आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी फरक नोंदवून सरासरी घ्या. हवेचा दाब सकाळी तासातासाला थोडा बदलतो आणि १ हेक्टोपास्कल दाब बदलला तर उंचीत ८ ते ९ मीटरचा फरक दिसतो. खाली परत आल्यावर घड्याळ निघतानाच्या उंचीपेक्षा वेगळा आकडा दाखवत असेल, तर तो फरक दाबाचा आहे. जाण्या-येण्याच्या सरासरीत तो बराचसा निघून जातो.

यानंतरची दुरुस्ती बहुतेक जण करत नाहीत. दाबावरून उंची काढणारी साधने एक प्रमाण वातावरण गृहीत धरतात आणि त्या हिशोबात समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर तापमान ११ अंशांच्या आसपास असते. आपल्याकडे थंडीतली पहाट वगळता एवढा गारवा क्वचितच असतो. उष्ण हवा विरळ असल्यामुळे तेवढीच उंची चढूनही दाब कमी घटतो आणि घड्याळ चढ कमी दाखवते. २५ अंश तापमानाला ही तूट जवळपास ५ टक्के असते. माझ्या घड्याळाने सरासरी १३७ मीटर दाखवले, मोजणी २५ अंशांत झाली होती, म्हणून १३७ ला १.०५ ने गुणून मी १४४ मीटर धरले.

हा आकडा नकाशाशी जुळवून पाहा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. माझ्या दोन टोकांमधली उंची सात अंतरांहून थोडी अधिक, म्हणजे १४० मीटरच्या किंचित वर भरते. १४४ त्याच्याशी जुळतो. चढ झाला १४४ भागिले ८००, म्हणजे १८ टक्के.

इशारा: निव्वळ जीपीएसवरून उंची घेणाऱ्या घड्याळाचा आकडा वापरू नका. एका सोबत्याच्या तशा घड्याळाने याच वाटेला १५८ मीटर दाखवले. त्याने आकडेमोडीत किती घोळ होतो ते पाचव्या टप्प्यात येईल.

पडताळणी: नकाशा आणि दुरुस्त केलेला दाबाचा आकडा यांत १० मीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

## टप्पा ३: सपाट रस्त्यावरची धाव

चढाला साधारण १२ मिनिटे लागत असतील तर तुलनेची सपाट धावही १२ मिनिटांचीच हवी. पन्नास मिनिटांच्या दहा किलोमीटरचा पेस बारा मिनिटांच्या चढाशी ताडणे ही सर्रास होणारी चूक आहे. बारा मिनिटे माणूस जेवढ्या जोराने धावू शकतो, तेवढ्या जोराने पन्नास मिनिटे धावू शकत नाही, म्हणून अशा तुलनेत चढ नेहमीच खऱ्याहून सोपा भासतो.

रस्ता सपाट आहे हे डोळ्यांवरून ठरवू नका. डोंगराकडे जाणारे आपले पुष्कळ रस्ते नकळत चढत असतात. केवळ १ टक्का चढ असला तरी खर्च साधारण साडेपाच टक्क्यांनी वाढतो आणि ६ मिनिटांच्या पेसमध्ये हा फरक २० सेकंदांचा होतो. यावर सोपा उपाय म्हणजे सहा मिनिटे पुढे धावून त्याच रस्त्याने सहा मिनिटे मागे येणे. एवढ्या मंद उताराला जाताना वाढलेला खर्च येताना जवळजवळ पूर्ण भरून निघतो.

पंधरा मिनिटे हलके धावून अंग गरम करा. त्यानंतरची बारा मिनिटे अशा जोराने धावा की तुटक तीन-चार शब्द बोलता येतील, पूर्ण वाक्य बोलता येणार नाही. पहिल्या चार मिनिटांची हृदयगती सोडून द्या, कारण ती अजून चढत असते, आणि शेवटच्या आठ मिनिटांची सरासरी लिहून ठेवा. माझ्या नोंदीत ती मिनिटाला १५८ ठोके होती आणि बारा मिनिटांत १.९८ किलोमीटर अंतर झाले, म्हणजे पेस ६:०४.

इशारा: ऊन ही मराठवाड्यातली सर्वात मोठी गडबड आहे. तापमान वाढले की त्याच पेसला हृदयगती वर जाते, कारण घाम काढून शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते. सपाट धाव डिसेंबरच्या पहाटे आणि चढ मार्चमध्ये आठ वाजता, अशा दोन नोंदी एकमेकींशी ताडू नका. दोन्ही धावा एकाच सकाळी, सूर्य वर येण्याच्या आत उरकाव्यात, किंवा तापमानात तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नसलेल्या दोन दिवसांत कराव्यात.

## टप्पा ४: चढाची धाव

एकाच सकाळी दोन्ही धावा करणार असाल तर मध्ये पंधरा मिनिटे चालून हृदयगती खाली येऊ द्या आणि पाणी घ्या. दुसऱ्या क्रमांकाच्या धावेत थकव्यामुळे हृदयगती थोडी वरच राहते, म्हणून एका आठवड्यात सपाट धाव आधी आणि पुढच्या आठवड्यात चढ आधी, असा क्रम बदलत राहा.

चढावर लक्ष्य पेस नसून हृदयगती आहे. घड्याळाचा पडदा बदलून त्यावर फक्त हृदयगती आणि वेळ ठेवा. उभ्या चढावर क्षणाक्षणाचा पेस इतका उड्या मारतो की त्याकडे पाहणारा माणूस एक तर उगाच जोर काढतो किंवा उगाच थांबतो. सपाट धावेची सरासरी १५८ असेल तर चढावर शेवटच्या आठ मिनिटांत १५५ ते १६१ मध्ये राहायचे आहे.

सुरुवात मुद्दाम सावकाश करावी लागते. चढ लागताच स्नायूंवरचा भार लगेच वाढतो, पण हृदयगतीला त्याच्यापर्यंत पोहोचायला दोन-तीन मिनिटे लागतात. या अवधीत १४० चा आकडा पाहून जोर वाढवला, तर पाचव्या मिनिटाला १७० दिसतात, पायांत जळजळ सुरू होते आणि उरलेला चढ फरफटत जातो. पहिली तीन मिनिटे श्वासावर ठेवा. सपाट धावेत जसा श्वास होता तसाच येथेही राहू द्या, हृदयगती आपोआप त्या जागी येईल.

चाल लहान ठेवा. सुट्या मुरमाच्या पट्ट्यावर टाच टेकली की पाऊल बोटभर मागे घसरते आणि तेवढी चढण पुन्हा चढावी लागते. तेथे पावलाचा पुढचा भाग टेकून दगड दिसेल त्यावर पाय ठेवा. चालावे लागले तर कोठे आणि किती वेळ, हे माथ्यावर पोहोचताच टिपून घ्या. घरी गेल्यावर हे आठवत नाही.

माझी वेळ १२ मिनिटे ८ सेकंद झाली, शेवटच्या आठ मिनिटांची सरासरी हृदयगती १५९ होती आणि मी कोठेही चाललो नव्हतो.

पडताळणी: शेवटच्या दोन मिनिटांची हृदयगती आधीच्या सहा मिनिटांपेक्षा आठ ठोक्यांनी वर असेल, तर सुरुवात जोरात झाली आहे. ती नोंद बाजूला ठेवा.

## टप्पा ५: आकडेमोड

मिनिटे आणि सेकंद यांना दशांश समजू नका. १२:०८ म्हणजे १२.०८ मिनिटे नव्हेत. सर्व वेळा आधी सेकंदांत करा, भागाकार करा आणि शेवटी पुन्हा मिनिटांत आणा. अनेकांची सगळी आकडेमोड येथेच चुकते.

१२:०८ म्हणजे ७२८ सेकंद. ते ०.८ किलोमीटरने भागले की ९१० सेकंद, म्हणजे चढावरचा पेस १५:१०. त्याला १८ टक्क्यांच्या २.३२ या गुणकाने भागले की ३९२ सेकंद येतात. सूत्राप्रमाणे समतुल्य सपाट पेस ६:३२ झाला.

कोष्टकात नसलेल्या चढासाठी स्प्रेडशीटमध्ये `B2` या घरात चढ दशांशात लिहा आणि शेजारच्या घरात हे सूत्र द्या:

```
=(155.4*B2^5-30.4*B2^4-43.3*B2^3+46.3*B2^2+19.5*B2+3.6)/3.6
```

`B2` मध्ये `0.10` लिहिल्यावर उत्तर १.६६ आले पाहिजे. प्रचंड मोठा आकडा आला तर तुम्ही `10` लिहिले आहे.

आता मोजमापातल्या चुकांचा परिणाम पाहू. सोबत्याच्या घड्याळातली १५८ मीटर उंची घेतली तर चढ पावणेवीस टक्के होतो, गुणक २.४८ आणि समतुल्य पेस ६:०७. म्हणजे एक पाऊलही जास्त न धावता २५ सेकंदांची प्रगती दिसते. याउलट उंची १४४ च ठेवून जीपीएसने अंतर ८०० ऐवजी ७२० मीटर दाखवले, तर चढ २० टक्के होतो, पण किलोमीटरमागचा पेसही १६:५१ इतका मंदावतो. भागाकार केल्यावर उत्तर ६:४४ येते, म्हणजे फरक १२ सेकंदांचा. अंतरातली दहा टक्क्यांची चूक अशी पेसमध्ये आणि चढात उलटसुलट पडून बरीचशी स्वतःलाच खोडते. उंचीतल्या चुकीला असे खोडणारे काही नाही, ती पुरती उत्तरात उतरते. दुसऱ्या टप्प्यात उंचीवर इतका वेळ घालवण्याचे कारण हे आहे.

इशारा: दोन अ‍ॅपचे `GAP` आकडे एकमेकांशी ताडू नका. प्रत्येकाचे गणित वेगळे आहे. तसेच चढ-उतार मिळून पूर्ण फेरीचा `GAP` या कामाला वापरू नका. समीकरणाप्रमाणे २० टक्के उतारावर खर्च सपाटीच्या निम्मा होतो, पण सुट्या दगडांवर कोणी दुप्पट वेगाने उतरत नाही. तेथे वेग पायाची पकड आणि मांड्यांची सहनशक्ती ठरवतात.

## टप्पा ६: स्वतःचा गुणक काढणे

सूत्राने ६:३२ सांगितले, तर सपाट रस्त्यावर जवळजवळ त्याच हृदयगतीला माझा पेस ६:०४ होता. ही तफावत पाहून चढ कच्चा आहे असे लगेच ठरवू नये. तिच्यात सुटा मुरूम, वळणे, दगड चुकवण्यासाठी मोडलेली लय आणि चढ धावण्याचा कमी सराव हे सगळेच आहे. एकाच नोंदीवरून त्यांची वाटणी करता येत नाही आणि त्याची गरजही नाही.

चढावरच्या पेसला सपाट पेसने भागा. ९१० भागिले ३६४, म्हणजे २.५०. या वाटेवर, या चढाला, हा माझा गुणक. पुढच्या दोन आठवड्यांत तीच चाचणी आणखी दोनदा केली तेव्हा २.४६ आणि २.५५ आले. तीन उत्तरांतले सर्वात लहान आणि सर्वात मोठे यांत पाच टक्क्यांहून कमी फरक असेल तर मधले उत्तर घ्या. फरक जास्त असेल तर तापमान, झोप किंवा सुरुवातीचा जोर यांपैकी काही बदलले आहे आणि चौथी चाचणी करावी लागेल.

स्वतःच्या गुणकाला सूत्राच्या गुणकाने भागले की वाटेची भर कळते. २.५० भागिले २.३२ म्हणजे सुमारे १.०८. अशाच मुरमाच्या दुसऱ्या वाटेवर, चढ १० ते २२ टक्क्यांत असेल तर, कोष्टकातल्या गुणकाला १.०८ ने गुणावे. डांबरी घाटरस्त्यावर ही भर लावू नका, तेथे पायाखालचा पृष्ठभाग वेगळा आहे.

इशारा: पावसाळ्याची भर वेगळी काढावी लागते. हलक्या सरीनंतर मुरूम दबून उलट घट्ट होतो आणि वाट सोपी होते. पण पायथ्याच्या काळ्या मातीतून गेलात तर बुटाच्या तळाला चिखलाचे जड थर बसतात आणि ते घेऊनच चढावे लागते. चढ सुरू होण्याआधी दगडावर घासून तळ मोकळे करा, नाहीतर त्या दिवसाची नोंद कशाशीच ताडता येणार नाही.

## टप्पा ७: चालणे सुरू होते तेथे मोजमाप बदलणे

चढ २२-२५ टक्क्यांच्या वर गेला की बहुतेक धावपटू चालू लागतात आणि ते योग्यच आहे. त्याच अभ्यासातल्या चालण्याच्या समीकरणाप्रमाणे ३० टक्के चढावर एक मीटर चालण्याचा खर्च एक मीटर धावण्यापेक्षा साधारण ११ टक्क्यांनी कमी भरतो. अशा भागाला धावण्याचा गुणक लावला की घड्याळ समतुल्य पेस प्रत्यक्षाहून चांगला दाखवते. कड्यावर चालत गेलेल्या माणसाला सर्वात ‘वेगवान’ किलोमीटर तेथेच दिसतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

येथे पेस सोडून तासाला किती मीटर उंची गाठली हे मोजा. गाठलेली उंची लागलेल्या सेकंदांनी भागून ३६०० ने गुणायचे. माझ्या १८ टक्क्यांच्या वाटेवर १४४ भागिले ७२८ गुणिले ३६००, म्हणजे तासाला ७१२ मीटर. हाच आकडा कड्यावर त्याच हृदयगतीला काढा आणि दोन्ही वेगळे लिहून ठेवा. वाटेत दोन्ही प्रकारचे भाग असतील तर ज्या दगडापाशी चालणे सुरू होते तेथे घड्याळाचे लॅपचे बटण दाबा.

## टप्पा ८: शर्यतीच्या चढासाठी वेळ ठरवणे

समजा शर्यतीत १५ टक्क्यांचा, दीड किलोमीटरचा मुरमाचा चढ आहे आणि त्या दिवशी तुम्हाला सपाटीवरच्या ६:४५ पेसइतकेच कष्ट घ्यायचे आहेत. १५ टक्क्यांचा गुणक २.०६. त्याला १.०८ ने गुणले की २.२२. ६:४५ म्हणजे ४०५ सेकंद, त्यांना २.२२ ने गुणले की ८९९ सेकंद. चढावरचा पेस जवळजवळ १५:०० आणि पूर्ण चढाला साडेबावीस मिनिटे.

वाटेची भर न धरता नुसते कोष्टक वापरले असते तर पेस १३:५४ ठरला असता आणि चढाला एकवीस मिनिटांहून थोडा कमी वेळ लिहिला गेला असता. तो पेस या वाटेवर सांभाळायला तुम्हाला सपाटीवरच्या ६:१६ इतके कष्ट घ्यावे लागले असते, म्हणजे ठरवल्यापेक्षा किलोमीटरमागे २९ सेकंद जास्त जोर.

हातावर पेस लिहू नका, वेळ लिहा: अर्ध्या चढाच्या खुणेपाशी ११:१५ आणि माथ्यावर २२:३०. अर्ध्यावर अर्ध्या मिनिटाहून अधिक लवकर पोहोचलात तर तेथेच वीस-तीस पावले चालून श्वास खाली आणा. उशिरा पोहोचलात आणि श्वास ठरल्याप्रमाणे असेल, तर त्या दिवशीचे ऊन किंवा वाट चाचणीहून कठीण आहे. अशा वेळी तोच श्वास ठेवून चढत राहा, वेळ भरून काढायला जाऊ नका.

गुणक दर दोन-तीन महिन्यांनी आणि ऋतू पालटला की पुन्हा काढावा लागतो. त्या वेळी सपाट धावही नव्याने करा. जुना सपाट पेस आणि नवी चढाची नोंद भागून आलेला आकडा ना चढाबद्दल काही सांगतो, ना रस्त्याबद्दल.